सतरा नंबरचं अनंत

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात मी नगरच्या एका कॉलेजात गणित शिकवत होते. पुण्याहून एम.एस्सी. होऊन आले होते. घरी आई आणि मी, दोघीच. थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणते, कर्जत आणि जामखेड या दोन तालुक्यांच्या शिवेवरच्या एका लहानशा गावात दिली होती. दिवाळीत भावोजी येऊन गेले तेव्हा म्हणाले होते, "पाण्याची वडातान हाय जरा, पर चाललंय." त्यानंतर तिकडून कुणी आलं नाही. दुष्काळात कुणाचं येणं-जाणं होतं? आम्हीही नळाला पाणी येईल त्या वेळी उठत होतो आणि आपल्याच हालांचं कौतुक करत होतो.

एप्रिलमध्ये प्राचार्यांनी मला बोलावलं. त्यांच्यासमोर एक उंच, उन्हाने काळवंडलेले गृहस्थ बसले होते. पाण्याच्या टँकरचं काम पाहणारे इंजिनियर. पाथर्डीकडून नुकतेच बदलून आले होते. म्हणाले, "बाई, डिझेल मोजून मिळतं. टँकर कमी, गावं जास्त. ड्रायव्हर नेहमीच्या रस्त्याने जातात. तो सगळ्यात जवळचा आहे की नाही, हे कुणी पाहिलेलंच नाही. प्राचार्य म्हणतात, तुमच्या गणितात याची काही रीत आहे."

रीत होती. मी ती पुण्याला शिकले होते, पण कागदावरच्या अ, ब, क या ठिपक्यांवर. खऱ्या गावांवर कधी लावली नव्हती.

इंजिनियरसाहेबांच्या ऑफिसात रस्त्यांचा नकाशा भिंतीवरच रंगवलेला होता. गावाला ठिपका, ठिपक्याला नंबर, दोन ठिपक्यांमध्ये रेघ आणि रेघेवर किलोमीटर. मी म्हटलं, तिथे येऊन उतरवून घेते. ते अवघडले. "तिथे दिवसभर माणसांची रीघ असते. पाण्यासाठी भांडणं, आरडाओरडा. तुम्हाला बसायला जागासुद्धा देता येणार नाही. मी फोटोच काढून आणतो."

दोन दिवसांनी ते फोटो घेऊन आले. नकाशा खोलीच्या कोपऱ्यात दोन भिंतींवर होता, कर्जतचा भाग एका भिंतीवर आणि जामखेडचा दुसऱ्या. म्हणून फोटोही दोन होते, मोठे करून पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी चिकटवलेले. ठिपके, नंबर आणि रेघांवरचे आकडे स्वच्छ आले होते. गावांची नावं मात्र बारीक अक्षरात लिहिलेली असल्यामुळे फ्लॅशच्या उजेडात पुसली गेली होती. नावांची यादी साहेबांच्या खिशात होती. मी म्हटलं, "नावं नकोतच. नंबरांवर काम होतं. शेवटी बघू कोणतं गाव कोणतं ते."

गणित विभागाच्या खोलीत आम्ही बसलो. ते फोटोवरून आकडे वाचत होते आणि मी मोठ्या कागदावर तक्ता मांडत होते. एक नंबर म्हणजे टँकर भरायची विहीर. तिच्यापुढे शून्य. बाकी सगळ्या ठिपक्यांपुढे मी आडवा आठ काढला.

"हे काय?"

"अनंत. म्हणजे तिथे पोचायचा रस्ता आपल्याला अजून माहीत नाही."

एक नंबरपासून दोनकडे आठ किलोमीटरची रेघ होती आणि तीनकडे पाचाची. दोनपुढचं अनंत खोडून आठ लिहिले, तीनपुढचं खोडून पाच. साहेब लगेच म्हणाले, "झालं की. दोन नंबरला आठ."

"आठ अजून कच्चे आहेत," मी म्हटलं. "पाच मात्र पक्के. कच्च्या आकड्यांत सगळ्यात लहान असेल तोच पक्का करायचा. पाचापेक्षा कमीत तीनला पोचणं शक्य नाही, कारण दुसरा कुठलाही रस्ता धरला तरी पहिल्याच गावाला आठ होतात."

मग तीनपासून पुढे पाहिलं. तीन नंबर ते दोन नंबर दोनच किलोमीटर. पाच आणि दोन सात. आठ खोडून सात लिहिले. तीन ते चार नऊ, म्हणून चारपुढे चौदा. आता उरलेल्यात लहान सात, म्हणून दोन नंबर पक्का. दोनपासून चारला चारच किलोमीटर. सात आणि चार अकरा, म्हणून चौदाही खोडले. शेजारच्या रकान्यात मी प्रत्येक वेळी लिहीत होते, की हा आकडा कोणत्या गावाकडून आला. म्हणजे शेवटी उलट्या दिशेने रस्ता काढता येतो.

साहेब खुर्ची पुढे ओढून बसले. "म्हणजे सरळ जायचं सोडून तीनवरून वळसा घेतला तर दोन जवळ पडतं," ते म्हणाले. "आमचे टँकर रोज आठ किलोमीटर जातात." मग त्यांनी आणखी प्रश्न विचारले नाहीत. मी पुढचा लहान आकडा पक्का केला की ते त्या ठिपक्यापासून निघणाऱ्या रेघा बोटाने धरून वाचत. "नऊकडे सात." बेरीज जास्त आली की जुना आकडा तसाच राही, कमी आली की खोडला जाई. नऊ नंबर सव्वीसला पक्का झाला. बारा नंबर अडतीसला. बाराकडून चौदा नंबर सत्तेचाळीसला आणि चौदाकडून पंधरा नंबर त्रेपन्नला. सगळ्यात लांबची गावं तीच. साहेबांनी मान हलवली. "तिथे दिवसात एकच खेप होते. ड्रायव्हर जायला नाही म्हणतात."

दुपार कलली तेव्हा कागद खाडाखोडीने भरला होता. प्रत्येक ओळीत एक पक्का आकडा होता. एक ओळ सोडून.

सतरा नंबरपुढे मी सकाळी काढलेला आडवा आठ तसाच होता. त्याला हात लावायची वेळच आली नव्हती. उरलेल्या ओळींत सगळ्यात लहान आकडा शोधायचा, तर उरली होती ती एकच ओळ आणि तिच्यात अनंत.

"रेघ वाचायची राहिली असेल," मी म्हटलं.

साहेबांनी फोटो उचलून खिडकीशी नेला. सतरा नंबर दोन फोटोंच्या बरोबर सांध्यावर होता. ठिपका होता, नंबर होता, रेघ एकही नव्हती. "चिकटवताना सांध्यात गेली असेल," ते म्हणाले.

"कोणतं गाव आहे?"

त्यांनी खिशातली यादी उलगडली. बोट खाली खाली नेत सतरावर आणलं आणि नाव वाचलं.

ते अक्काचं गाव होतं.

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. ऐकलेलं नाव आणि कागदावरचं ते चिन्ह यांची सांगडच बसेना. मी म्हटलं, "नाही, तिथे माझी बहीण आहे." जणू तेवढ्याने काही सिद्ध होत होतं. मी पुन्हा म्हटलं, "तिथे टँकर जातच असेल ना?"

साहेब हळूच म्हणाले, "चला, भिंत बघू."

त्यांच्या ऑफिसच्या ओसरीत खरोखरच माणसांची गर्दी होती. आम्ही वाट काढत आत गेलो. कोपऱ्यात दोन भिंती जिथे मिळतात तिथे, अगदी काठावर, सतरा नंबरचा लाल ठिपका होता. साहेबांनी दोन्ही भिंतींवरून तळहात फिरवला, रेघ पुसली गेली असेल तर हाताला लागेल असं समजून. भिंत गुळगुळीत होती. रेघ कधी काढलेलीच नव्हती. त्या खोलीतल्या जुन्या कारकुनाने सांगितलं, नकाशा रंगवला तेव्हा त्या गावाला ट्रकचा रस्ता नव्हता आणि विहिरीला पाणी होतं. मग कर्जतवाल्यांनी धरलं की जामखेडवाले बघतील आणि जामखेडवाल्यांनी धरलं की ते कर्जतचं आहे.

"रोज या भिंतीकडे तोंड करून बसतो मी," साहेब म्हणाले. "ठिपका आहे म्हणजे गाव धरलंय, असंच वाटत होतं."

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या जीपने आम्ही निघालो. आईला मी फक्त एवढंच सांगितलं की कॉलेजच्या कामाला चालले आहे. कर्जतच्या पुढे नऊ नंबरचं गाव लागलं. तिथून अक्काकडे मी नेहमी बैलगाडीने गेले होते, ओढ्यातल्या वाळूत चाकं रुततात म्हणून उतरून चालत. मी ड्रायव्हरला म्हणाले, "इथून जीप जायची नाही." तो म्हणाला, "का न्हाई? रस्ता तर हाय."

खरंच होता. मुरूम टाकून दाबलेला, दोन्ही कडांना खडीचे ढीग, ओढ्यावर नवा फरशीपूल. साहेबांनी जीप थांबवून खाली उतरून पायाने दाबून पाहिलं. "दुष्काळी कामाचा रस्ता आहे," ते म्हणाले. "बांधकाम खात्याने केला असणार. आम्हाला कुणी कळवलंच नाही. यावरून टँकर आरामात जाईल." जीपच्या मीटरवर त्यांनी आकडा टिपून घेतला. गावाच्या पहिल्या घरापर्यंत सहा किलोमीटर भरले.

गावात कुत्रंसुद्धा भुंकलं नाही. दावणी रिकाम्या होत्या, जनावरं छावणीला गेलेली. विहिरीच्या काठावर बायका बसल्या होत्या आणि एकीला दोराला बांधून खाली सोडलं होतं. तळाशी कपारीत पाझरायचं ते ती वाटीने खरवडून कळशीत भरत होती. वरच्या बायकांनी आमच्याकडे पाहिलं. त्यांच्या डोक्यावर पदर होते, पण पदराखाली अंबाडे दिसत नव्हते. हे मला त्या वेळी कळलं नाही, नंतर आठवलं.

अक्काच्या दारात गेले. एक बाई पाठमोरी बसून रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीचं पीठ मळत होती, पाणी नुसतं शिंपडून. पदर खांद्यावर पडलेला. मानेवर केस कापलेले, आखूड, वेडेवाकडे, कातरीने नव्हे तर विळ्याने कापल्यासारखे.

आमच्याकडे नवरा गेलेल्या बाईचे केस काढायची रीत मी लहानपणी पाहिली होती. भावोजी गेले आणि आम्हाला कुणी कळवलंसुद्धा नाही, एवढी एकच गोष्ट डोक्यात घुसली.

तिनेच वळून पाहिलं. कपाळावर कुंकू होतं. रोजचं, ठसठशीत. मी त्या कुंकवाकडे बघतच राहिले.

"अगं बया, तू?" अक्का म्हणाली आणि पिठाचे हात घेऊन उठली. "आई बरी हाय ना?"

"भावोजी?"

"कामावर गेलेत. जामखेडकडं, खडी फोडाया. का गं? अशी काय बघतीयास?"

मी तिच्या डोक्याकडे बोट केलं. तिने पदर वर ओढला.

"ते व्हय," ती म्हणाली. "डोस्कं धुवाया पानी न्हाई. घामानं अन् धुळीनं जटा झाल्या, उवा पडल्या, जखमा झाल्या. मग आमी समद्यांनीच कापून टाकलं. पयली कुनी तयार हुईना. म्हटलं, मी बसते."

एवढं बोलून ती हसली. मी उंबऱ्यावर बसले. तिचे केस गुडघ्यापर्यंत होते. लग्नात वेणी घालायला दोन बायका लागल्या होत्या.

साहेब दाराबाहेर पाठ करून उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. तिथूनच, न वळता, त्यांनी विचारलं, "बाई, टँकर मागितला नाही का कुणी?"

"सरपंच कर्जतला गेल्ते, जामखेडला बी गेल्ते," अक्का म्हणाली. "नंबर लागंल म्हनाले. भाऊसाहेब, पुढल्या गावाला टँकर येतोय म्हनं. तितं जाऊन दोन हंडे आनावं म्हटलं, तर ते बी तहानलेलेच. पर तुमी ज्या रस्त्यानं आला ना, त्यो आमीच केलाय. ह्या हातानं. म्हटलं, रस्ता झाला की टँकर यील."

साहेब जाऊन जीपमध्ये बसले आणि ड्रायव्हरला पुढे घ्यायला सांगितलं. अक्काच्या गावातून तोच रस्ता पुढे जात होता. तासाभराने परत आले तेव्हा त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"पाच किलोमीटर," ते म्हणाले. "पुढे पाच किलोमीटरवर कोणतं गाव लागतं माहीत आहे? चौदा नंबर. जिथे माझे टँकर बाराकडून फिरून जातात."

माझ्या पिशवीत तक्त्याचा कागद होता. शाळेच्या पडवीत तो पसरला. साहेब म्हणाले, "सतरापुढे आकडा लिहा आणि द्या." मी म्हटलं, "तेवढ्याने भागणार नाही." पक्का झालेला आकडा पुन्हा हलत नाही हे खरं, पण आपण ज्या रेघा धरल्या तेवढ्याच जगात आहेत असं मानलं तर. आता दोन नव्या रेघा आल्या होत्या. नवी रेघ धरायची तर आधी नऊला किंवा चौदाला पोचावं लागणार, आणि दोन्ही सव्वीसच्या आत नव्हते. म्हणून सव्वीसपर्यंतचे आकडे तसेच राहतील. त्यापुढचे सगळे मी खोडले आणि नऊपासून पुन्हा सुरुवात केली.

नऊचे सव्वीस आणि सहा बत्तीस. अनंत खोडून सतरापुढे बत्तीस लिहिले. त्याची पाळी आली तेव्हा तो पक्का केला. मग सतरापासून पाच, चौदा नंबरपुढे सदतीस. बारा नंबर अडतीसलाच पक्का झाला, म्हणजे चौदानंतर. बाराकडून चौदाला सत्तेचाळीसच होत होते, ते आता जास्त. चौदाकडून पंधराला त्रेचाळीस.

लिहिता लिहिता मी थांबले, तेव्हा साहेबांनाही ते दिसलं. सत्तेचाळीसचे सदतीस झाले होते आणि त्रेपन्नचे त्रेचाळीस. जिथे एकच खेप व्हायची ती दोन्ही गावं, अक्काच्या गावातून गेलं तर दहा दहा किलोमीटरने जवळ होती. टँकर या गावाला टाळून लांबचा फेरा घेत होता आणि सगळ्यात जवळचा रस्ता याच गावातून, या बायकांनी केलेल्या खडीवरून जात होता.

साहेब म्हणाले, "बाई, मी नुसतं डिझेल वाचवायला आलो होतो हो." आणि डोळ्यांवर रुमाल धरला. पन्नाशीचा माणूस रडताना मी तोवर पाहिला नव्हता. अक्काने घरून तांब्या आणला आणि त्यांच्यापुढे ठेवला. तांब्यात दोन घोट पाणी होतं, गढूळ. त्यांनी त्याला हात जोडले, पण ते प्यायले नाहीत.

टँकर दुसऱ्या दिवशी दुपारी आला. मी राहिले होते. पाणी विहिरीत सोडायचं ठरलं, नाहीतर झोंबाझोंबी झाली असती. नळी आत सोडली तेव्हा कोरड्या दगडांवर पाणी आदळल्याचा आवाज वरपर्यंत आला. मला वाटलं होतं, बायका ओरडतील, धावतील. कुणी हललं नाही. एक म्हातारी म्हणाली, "खरंच हाय का?" आणि दुसरीने तिला गप्प केलं. मग अक्का पुढे झाली आणि तिने दोर सोडला.

पुढचा टँकर गावात न थांबता चौदा नंबरकडे गेला. मुलं त्याच्या धुळीतून पळत गेली.

नगरला परतल्यावर आईने विचारलं, "कुठं गेली होतीस एवढे दिवस?" मी सांगितलं, अक्काकडे. "कशी आहे?"

"बरी आहे," मी म्हणाले. "आता पाणी येतं."

केसांचं मी सांगितलं नाही. साहेबांनी जिल्ह्याचे बाकी फोटो पाठवले. त्यानंतर महिनाभर मी तक्तेच करत होते, आणि रीत उलटीच लावली. आधी बघायचं, कुठे अनंत उरतंय का. उरलं की साहेबांना निरोप जाई आणि त्यांची जीप निघे. एका ठिकाणी रेघ खरंच फोटोच्या चकाकीत गेलेली निघाली. दुसरीकडे गाव उठून गेलं होतं, घरांच्या दारांना बाहेरून बाभळीच्या काट्या लावलेल्या.

जूनच्या सुरुवातीला आई एस.टी.ने अक्काकडे गेली. चार दिवसांनी परत आली ती पिशवी दारात टाकून सरळ आत गेली. मी चहा केला, तो तिने घेतला नाही. संध्याकाळी दिवा लावताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुला माहीत होतं."

"हो."

"माझ्या पोरीचे केस," ती म्हणाली. ती देवापुढे बसली, आणि मी तिच्या मागे उभी राहिले.